टिपणीत सापडेल अडलेली पेन्शन

प्रश्न : मोहर्ली परिक्षेत्रातून वनरक्षक म्हणून निवृत्त झालो. पेन्शन रखडली आहे. फाईलवरील शेरे मागता येतील का?

उत्तर : येतील. ‘पेन्शन का मिळाली नाही?’ असे मात्र विचारू नका. माहिती अधिकारात नोंदीत असलेलेच मिळते, नवे स्पष्टीकरण नाही. ‘माझ्या निवृत्तिवेतन प्रकरणाच्या टिपणी भागाच्या सर्व पानांच्या, तारखा व शेऱ्यांसह प्रती, तसेच नागपूरच्या महालेखाकार कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार द्यावा’ असे लिहा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. ‘टिपण्या अंतर्गत असतात’ हा आक्षेप टिकत नाही. केंद्रीय माहिती आयोगाने 2006 मध्येच त्या माहितीच ठरवल्या. स्वतःच्याच प्रकरणात खासगीपणाची सबबही लंगडी. विभागीय चौकशी चालू असेल, तर कलम 8(1)(ज) पुढे येईल. पण माहिती दिल्याने चौकशीला बाधा कशी येते, हे कार्यालयानेच दाखवायचे. तीस दिवसांत उत्तर नसेल, तर पुढील तीस दिवसांत पहिले अपील करा. प्रती आल्यावर तारखांमधली पोकळी शोधा: प्रकरण सेवापुस्तक पडताळणीवर थांबले, की महालेखाकारांच्या त्रुटीपत्रावर?