ओळ कुठे मोडायची?

तुळजापूर

चि. भाचीस,


तुझी कवितांची वही पोचली. यमक नाही, वृत्त नाही, मग याला कविता का म्हणायचं, हा तुझा प्रश्न मराठीत जुनाच आहे. कवी अनिलांनी 1940 मध्ये ‘भग्नमूर्ती’ हे अख्खं खंडकाव्य मुक्तछंदात लिहिलं. पुढे नारायण सुर्वे आणि नामदेव ढसाळ यांनी कामगारवस्तीची, फुटपाथची बोली कवितेत आणली. यमक गेलं, गण गेले, पण बांधणी गेली नाही. तिने फक्त जागा बदलली.

ती जागा ओळखायला आपल्या जुन्या ओवीकडे बघ. ज्ञानेश्वरीतल्या ओवीला अक्षरांची ठरलेली संख्या नाही, चरण लांबतात, आखडतात. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड, यमकाबाहेरचा. त्या आखूड चरणाशी आल्यावर ओवी संपली हे कानाला कळतं. म्हणजे आधी एक अपेक्षा तयार होते आणि नेमक्या जागी ती मोडते. मुक्तछंदाची बांधणी या दोन गोष्टींवरच उभी असते, आणि तिथे अपेक्षा तयार करायला यमक नसल्यामुळे ते काम पुनरुक्तीला आणि ओळीच्या लांबीला करावं लागतं.

पुनरुक्ती हे काम कसं करते ते गोंधळात बघ, त्याची सुरुवात तू लहानपणापासून ऐकली आहेस. गोंधळी गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलावतो. दर वेळी देव बदलतो, ठिकाण बदलतं, आवतणाचे शब्द तेच राहतात. संबळ थांबली तरी त्या बोलावण्यातली लय जात नाही, कारण ती वाक्याच्या साच्यात असते.

आता तुझीच कविता घेऊ, कवड्यांच्या माळा ओवणाऱ्या बाईची. तू लिहिलंस:

महाद्वाराबाहेरच्या
दुकानात बाई
कवड्यांची माळ ओवते
गिऱ्हाईक आलं की
दोरा दातात धरते
आणि भाव सांगते

या सगळ्या ओळी सलग एका वाक्यात लिहून मोठ्याने वाच. काही हरवलं का? नाही. म्हणजे ओळी मोडल्या, पण त्या मोडण्याने काम केलं नाही. शिवाय मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपेल तिथे ओळ तोडली की ओवते, धरते, सांगते अशी फुकटची यमकं जमा होतात. नको असलेला हा ताल मुक्तछंद लिहिणाऱ्या बहुतेक नवख्यांच्या वहीत सापडतो.

तुझं निरीक्षण मात्र पक्कं आहे. दोरा दातात धरलेली बाई भाव कसा सांगेल? तोंड उघडून लांब वाक्य तिला बोलताच येणार नाही. कवितेची बांधणी या अडचणीत आहे. क्रियापदं काढून मामाने ती अशी मांडून पाहिली:

कवडी, दोरा
कवडी, दोरा
कवडी, दोरा दातात
दीडशे
पुन्हा कवडी

अक्षरं मोज. पाच, पाच, आठ, तीन, पाच. ही संख्या आधी ठरवलेली नव्हती. पहिल्या दोन ओळींत हाताची गती आली आणि कानाला तिसरीही तशीच हवीशी झाली. तिसरी ‘दातात’पाशी लांबली, तिथे हात थांबला. चौथीत एकच शब्द, कारण दातांच्या फटीतून तेवढाच निघतो. पाचवी परत पाच अक्षरांवर येते, पण तिथे दोरा नाही, तो अजून दातातच आहे. आता हे सलग वाक्यात लिही: कवडी, दोरा, कवडी, दोरा, कवडी, दोरा दातात, दीडशे, पुन्हा कवडी. नुसती यादी झाली. बाई कुठे थांबली आणि कुठे बोलली, ते ओळींनीच सांगितलं होतं.

दुसऱ्याची कविता वाचतानाही हेच कर. पेन्सिलीने परत परत येणारे शब्द आणि वाक्यांचे साचे अधोरेखित कर, ओळींची लांबी बघ आणि साचा पहिल्यांदा मोडतो तिथे खूण कर. मग त्याच जागी अर्थातही काही बदलतं का ते तपास. बदलत असेल तर बांधणी सापडली. नसेल, तर बहुधा कवीने श्वास लागला म्हणून ओळ तोडली आहे.

ही कसोटी सगळीकडे सारखी लागू होत नाही. ढसाळांच्या ‘गोलपिठा’तल्या लांब कवितांत एकेक ओळ तपासत बसलीस तर फारसं हाती लागणार नाही. तिथे शिव्या, याद्या, हाका यांचे मोठे लोंढे येतात आणि वळण लोंढा बदलतो तिथे असतं. अशा कवितेत खूण ओळीला नको, परिच्छेदाला कर.

वहीतल्या बाकीच्या कवितांत कल्लोळ तीर्थावरची आधी घे. तिच्या सातव्या ओळीत आवाज बदलतो, पण तू ती सहावीला जोडून टाकली आहेस. दोन्ही वेगळ्या कर आणि सहावीतलं ‘आहे’ काढून वाच. पुढची वही दिवाळीआधी पाठव.

तुझा,
मामा