बाजार समाजात रुतलेला असतो काय?
(एक संवाद)

समाजशास्त्राच्या सिद्धान्तविषयक अभ्यासात कार्ल पोलान्यी या विचारवंताचे नाव येते. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ग्रेट ट्रान्स्फॉर्मेशन’ या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, इतिहासातील बहुतेक काळ माणसाचा अर्थव्यवहार नातीगोती, धर्म व राजसत्ता यांच्यात रुतलेला होता. एकोणिसाव्या शतकात मात्र तो तेथून उपटून काढून उलट समाजालाच बाजाराच्या स्वाधीन करण्याचा प्रयत्न झाला. इंग्रजीतील ‘एम्बेडेड’ या शब्दाकरिता येथे ‘रुतलेला’ हा शब्द योजिला आहे. संवाद काल्पनिक आहे. स्थळ : दर्यापूरच्या बाजार समितीचे आवार. वेळ : दिवाळीनंतरची, कापसाच्या गाड्या येण्याची.

गजानन : शालिग्राम, तुझा पोलान्यी जरा बाजूला ठेव. या कापसाचा भाव कोण ठरवतो? परदेशात पीक किती आले, गिरण्यांना गाठी किती हव्यात, यावर तो ठरतो. तिथल्या व्यापाऱ्याला आपली जात ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. मग बाजार समाजात रुतला कुठे?

शालिग्राम : ते मला मान्य आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपले, भाव कोसळला. आपल्या कास्तकाराने त्यात काही केले नव्हते. पण एक सांग, तोच भाव कास्तकाराच्या हातात पडतो का?

गजानन : हमाली, तोलाई वजा जाता पडतो.

शालिग्राम : एक उदाहरण घेऊ, आकडे केवळ हिशेबापुरते. एका कास्तकाराने जूनमध्ये बी-खतासाठी व्यापाऱ्याकडून वीस हजार रुपये उचलले. व्याजाची बोली झाली नाही. ‘कापूस आपल्याकडेच घाला’ एवढेच ठरले. नोव्हेंबरात त्याने दहा क्विंटल कापूस आणला. हर्रासात भाव सात हजार. व्यापाऱ्याने सहा हजार सातशेने घेतला आणि मुद्दल कापून चुकारा केला. क्विंटलमागे तीनशे, म्हणजे दहा क्विंटलांवर तीन हजार रुपये कमी आले. वीस हजारांवर पाच महिन्यांत तीन हजार म्हणजे शेकडा पंधरा. महिन्याला शेकडा तीन. वहीत व्याज शून्य आहे. ते भावाच्या पोटात दडले आहे. या दोघांचे नाते ठाऊक नसेल, तर सहा हजार सातशे या आकड्याचा अर्थच लागत नाही.

गजानन : यात समाज कुठे आला? उसनवारीलाही किंमत असते, ती त्याने मोजली. बाजाराने तुझ्या नात्याचीच किंमत लावली!

शालिग्राम : मग त्याने दोन जागी चौकशी करून स्वस्त उसनवारी का घेतली नाही?

गजानन : बँकेचे जुने कर्ज थकलेले असेल, दुसरा व्यापारी त्याला ओळखत नसेल.

शालिग्राम : ‘ओळखत नसेल’ हे तूच म्हणालास. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९८५ सालच्या आपल्या निबंधात नेमके हेच मांडले. व्यवहार विश्वासावर चालतो आणि विश्वास ओळखीपाळखीतून येतो. म्हणून आधुनिक बाजारही संबंधांच्या जाळ्यातच असतो.

गजानन : इथे मी तुला पकडतो. ग्रॅनोव्हेटर म्हणतो, बाजार आजही रुतलेलाच आहे. पोलान्यी म्हणतो, तो एकोणिसाव्या शतकात उपटला गेला. दोघेही खरे कसे? आणि प्रत्येक बाजार नेहमीच रुतलेला असेल, तर त्या शब्दाने कळते तरी काय? ज्वारी ओली असो वा कोरडी, तिला ज्वारीच म्हणायचे, तसे झाले.

शालिग्राम : (थांबून) हा आक्षेप खरा आहे. एकाच शब्दाखाली दोन प्रश्न आहेत. ग्रॅनोव्हेटरचा प्रश्न असा : सौदा कोणाकोणाच्या संबंधातून होतो? पोलान्यीचा प्रश्न निराळा : पोट आणि भाव यांची गाठ पडली, की कोण वाकते? जमीन, श्रम आणि पैसा या वस्तू विक्रीसाठी निर्माण झालेल्या नाहीत. त्यांना विक्रीच्या वस्तू मानणे ही कल्पित गोष्ट आहे, असे तो म्हणतो. वऱ्हाडात इंग्रजी मोजणी झाली, सारा रोकडीत ठरला, वावर गहाण टाकता आणि विकता येऊ लागले. मग एखादे वर्ष बुडाले की वावरच सावकाराकडे जाई. हिंदुस्थानातल्या दुष्काळांविषयीही त्याने लिहिले आहे. धान्याचा व्यापार मोकळा होता. पण ज्यांची कमाई बुडाली, त्यांना ते घेता येईना. गावाची जुनी आधारव्यवस्था मोडली होती.

गजानन : म्हणजे पोट वाकले, भाव वाकला नाही. मग बाजार सुटाच झाला. माझेच म्हणणे सिद्ध झाले.

शालिग्राम : पण तो सुटा राहिला का? १८८६ साली कारंज्याला हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने नियमबद्ध कापूस बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदाच झाला. मोकळ्या बाजारालाही वजन, माप, दलाली यांचे नियम आणि ते राबवणारे सरकार लागले. बाजार पसरला की समाज स्वतःच्या बचावासाठी बांध घालतो. या दुहेरी हालचालीवर पोलान्यीचा भर आहे.

गजानन : बांध घातला तरी पाणी वाट काढते. एकाधिकार कापूस खरेदी आठव. १९७१ चा कायदा, १९७२ पासून खरेदी. राज्यात कापूस फक्त सरकारने घ्यायचा, हमी भाव द्यायचा. पण बाहेर भाव चढला, की कापूस रातोरात मध्य प्रदेशाच्या आणि आंध्रच्या हद्दीत जाई. बाहेर भाव पडला, की सगळा कापूस सरकारच्या दारी आणि तोटा सरकारच्या माथी. शेवटी २००२ साली खाजगी खरेदी पुन्हा मोकळी झाली. इथे तर कायदाच वाकला!

शालिग्राम : नाकारत नाही. बांध एका राज्याचा होता आणि बाजार साऱ्या जगाचा. बांधाला मर्यादा असते, हे त्यातून दिसते. पण बाजार समाजाबाहेर होता, असे त्यातून निघत नाही. त्या योजनेने निदान काही काळ, भाव पडला तर तोटा कोणी सोसायचा, हे बदलले.

गजानन : मग मीही एक कबूल करतो. भाव दूर ठरत असेल, पण तो कोणाच्या अंगावर कसा पडतो, हे इथे ठरते. मात्र एक खटकते. तू ‘रुतलेला’ हा शब्द चांगल्या अर्थाने वापरतोस. तुझ्या उदाहरणातला कास्तकार व्यापाऱ्याच्या ओळखीतच रुतला आहे ना? त्याला हर्रासाच्या भावाला कापूस विकायचा, तर त्या नात्यातून सुटावेच लागेल. त्याच्या दृष्टीने मोकळा बाजार ही सुटकाच आहे.

शालिग्राम : (हसून) बरोबर. रुतणे म्हणजे आधार नव्हे. कन्हारीत गाडीचे चाकही रुततेच. म्हणून ‘बाजार समाजात रुतलेला आहे काय’ एवढेच विचारून भागत नाही. कशात रुतला आहे, ओळखीत, कायद्यात की कर्जात? आणि भाव पडला तर कोण वाकते? ही दोन उत्तरे दिल्याशिवाय तो शब्द वापरू नये.

गजानन : आणि ती दिल्यावर?

शालिग्राम : मग कदाचित शब्दाची गरजच उरणार नाही. चल, हर्रास सुरू झाला. तुझ्या बाबांची गाडी कितवी?

गजानन : सातवी. पण त्यांचा कापूस हर्रासात जायचा नाही. जूनमध्ये उचल घेतली आहे.