परिपाठातला तुझा एक मिनिट

चि. अनघास,


३ जानेवारीच्या परिपाठात सुविचार सांगायची पाळी तुझी आहे, हे तुझ्या आईकडून कळलं. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ निवडलंस म्हणे. म्हण चांगली आहे, पण मुलांनी ती इतक्यांदा ऐकली आहे की कानावरून निघून जाईल. शिक्षक असताना मी पहिल्या तासाला विचारायचो, “आजचा सुविचार काय होता?” फळ्याकडे न बघता सांगणारी मुलं फार थोडी असत. ज्या दिवशी सुविचारासोबत एखादा प्रसंग सांगितलेला असे, त्या दिवशी मात्र बरेच हात वर येत.

म्हणून आधी प्रसंग शोध. ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवायला जाताना सावित्रीबाईंवर लोक शेण, चिखल फेकत. त्या सोबत दुसरं लुगडं नेत, शाळेत पोचल्यावर ते नेसत आणि शिकवायला उभ्या राहत.

आता या प्रसंगात तुला काय दिसतं ते स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिही. मला दिसलं ते असं: ‘अडचण येणार हे माहीत असेल, तर तिची तयारी घरूनच करून निघावं.’ मोठ्या माणसाचं नाव लावलं की वाक्याला वजन येतं, असं वाटून हे वाक्य सावित्रीबाईंच्या नावावर मात्र खपवू नकोस. मोबाइलवर फिरणाऱ्या कितीतरी सुविचारांखाली अशीच भलती नावं असतात. प्रसंग त्यांचा, वाक्य तुझं.

शेवटी ते वाक्य तुमच्या वर्गात आण. ‘आज उत्तर सांगताना कुणी हसेल, हे धरून चला आणि तरीही हात वर करा.’ एवढं पुरे. प्रसंग, वाक्य आणि वर्गातली गोष्ट मिळून शंभरेक शब्द झाले, तर सावकाश बोलूनही मिनिटभरात होईल. त्याहून लांबलं, तर उन्हात उभी असलेली पहिलीदुसरीची मुलं चुळबुळ करू लागतात.

दिनविशेष सांगणाऱ्या मुलीशी आदल्या दिवशी बोलून घे. जन्मसाल, जन्मगाव तिने सांगावं, लुगड्याचा प्रसंग तुझ्यासाठी ठेवावा. नाहीतर तेच दोनदा ऐकावं लागेल. कागद हातात नको, कारण मान खाली गेली की आवाजही खाली जातो. मुख्य वाक्य सांगून झालं की क्षणभर थांब आणि तेच पुन्हा एकदा म्हण. मागच्या रांगेला ते दुसऱ्या वेळीच नीट ऐकू येतं.

मधल्या सुट्टीत चौथीतल्या एखाद्या मुलाला विचार, “सकाळी मी काय सांगितलं?” त्याने नुसतं “दुसरं लुगडं” म्हटलं, तरी तुझा सुविचार पोचला असं समज. त्याचं उत्तर मला कळव.

तुझे,
आजोबा