किमान भरणा, कमाल मुदत

रायपूरच्या तात्यापारा भागातल्या एका मराठी नोकरदाराच्या क्रेडिट कार्डावर लाख रुपये थकले होते. बिलावरची ‘किमान देय रक्कम’ तो दर महिन्याला वेळेवर भरत होता. त्यामुळे विलंब शुल्क लागत नव्हतं, वसुलीचे फोनही येत नव्हते. वर्षभरात सुमारे ५९ हजार भरून झाले, तेव्हा बाकी होती जवळपास ८८ हजार. “हिशेब चुकलाय म्हणून मी भांडायलाच गेलो होतो,” तो सांगतो.

हिशेब बरोबर होता.

व्याज महिन्याला ३.५ टक्के, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात पडणारा दर ४.१३ टक्के. पहिल्या महिन्यात लाखावर ४,१३० रुपये चढले. किमान रक्कम एकूण बाकीच्या ५ टक्के, म्हणजे ५,२०७. त्यातून मूळ रक्कम उतरली फक्त १,०७७ रुपयांनी. किमान रक्कम भरूनही बाकी वाढत जाईल अशी आकारणी नको, असं रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. ती लवकर फिटेल, असं मात्र त्यात कुठे म्हटलेलं नाही.

खरी मेख पुढे आहे. बाकी उतरली की किमान रक्कमही उतरते. बिल हलकं झाल्यासारखं वाटतं आणि फेड लांबत जाते. या गतीने निम्मं कर्ज फिटायलाच पाच वर्षांहून जास्त लागतात. त्याच गृहस्थाने पहिल्या महिन्याचे ५,२०७ रुपयेच कायम धरले असते, तर ३९ महिन्यांत खातं कोरं झालं असतं. उतरती किमान रक्कम भरत राहिल्यास ३९ महिन्यांनंतरही साडेपासष्ट हजार उरतात. सुरुवातीचा हप्ता दोन्हीकडे एकच, हे विशेष.

अर्थात ३९ महिनेही महागच, कारण त्यात लाखाचे दोन लाख तीन हजार होतात. दरमहा ८,००० भरले तर १८ महिने आणि एकूण साधारण १ लाख ४३ हजार ५००. १२,००० भरले तर ११ महिने आणि सव्वा लाख. आपला आकडा काढायचा तर एक्सेलमध्ये हे सूत्र लिहावं, उत्तर महिन्यांत येतं:

```
=NPER(0.0413,-8000,100000)
```

बँका व्याज दिवसावर मोजतात, म्हणून थोडा फरक पडेल. शिवाय हा सगळा हिशेब कार्ड कपाटात ठेवलं तरच टिकतो. मागली बाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज.

त्या नोकरदाराने दरमहा ८,००० ठरवले आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते आपोआप वळते होतील अशी सोय केली. पूर्ण भरणा केल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज दिसू शकतं, ते बिलाच्या तारखेपासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं असतं. तेही भरून शून्य बाकीचं बिल येईपर्यंत कार्ड बाहेर काढू नये.