लग्न कधी, हे विचारायची वेळ

आमच्या शहापूर-मुरबाडकडे स्थळ बघायला आलेली माणसं हल्ली काहीही विचारतात. जमीन किती, सातबाऱ्यावर नावं किती, कंपनीत कायम आहे की ठेकेदाराकडे, दारू पितो का. अडतात ती एकाच जागी. लग्न कधी करायचं, हे कुणी विचारत नाही. मुलीच्या बापाने विचारलं तर "एवढी घाई कशाला, काही भानगड तर नाही ना," अशी कुजबुज होते. मुलाकडच्यांनी विचारलं तर मुलीला पुढे शिकू देणार नाहीत, असा अर्थ निघतो. मग दोन्हीकडून एकच उत्तर येतं, "तुम्ही म्हणाल तेव्हा." अंगणवाडीत नोकरी करता करता मी नात्यातली, ओळखीतली कुणब्यांची बरीच लग्नं जुळवली. मध्यस्थ म्हणून पैसे घेत नाही. लुगडं दिलं तर घेते. त्यातून या एका प्रश्नाबद्दल जे कळलं ते लिहिते.

१. बघण्याच्या कार्यक्रमात विचारू नका.

पोहे-चहा चाललेला असताना पाहुण्यांनी मुलगी नीट बघितलेलीसुद्धा नसते. त्या दिवशी दिलेली तारीख फक्त तोंडदेखली असते, आणि पुढे तीच कायम धरली जाते. मुलाच्या काकाने सहज "वैशाखात उडवून टाकू" म्हटलं की मुलीची आई दुसऱ्या दिवसापासून भांडी मोजायला लागते. त्या काकाला घरातलं काहीच ठाऊक नसतं. बघायला येणाऱ्यांत सगळ्यांत जास्त बोलतो तो माणूस बहुधा निर्णय घेणारा नसतो, एवढं मात्र मी पक्कं धरून चालते.

२. विचारण्याआधी पंचांग आणि शेत दोन्ही बघून जा.

आमच्याकडे लग्नाचे दिवस मुळातच थोडे. तुळशीचं लग्न लागलं की पहिला हंगाम उघडतो. तेव्हा भात झोडून झालेलं असतं आणि हातात चार पैसे असतात. पौषात बहुतेक घरं थांबतात. माघापासून पुन्हा सुरू होतं, ते पाऊस पडून राब पेरायची वेळ येईपर्यंत. त्यानंतर लावणी, आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मास. म्हणजे "मे-जूनमध्ये बघू" म्हणणाऱ्याकडे जून नसतोच, फक्त मे असतो.

अधिकमास उन्हाळ्यात आला तर तो मेसुद्धा अर्धा होतो. २०१८ साली अधिक ज्येष्ठ १६ मे ते १३ जून होता. २०२६ सालीही तोच महिना अधिक, १७ मे ते १५ जून. अशा वर्षी उन्हाळ्यातले मुहूर्त मेच्या मध्यालाच संपतात. ही अडचण मला मात्र उपयोगी पडते. "यंदा अधिक ज्येष्ठ आहे, तुमच्या भटजींनी काय सांगितलं?" असं विचारलं की कुणी घाई केली असं होत नाही. प्रश्न पंचांगाचा होतो आणि उत्तर मात्र घरातलं मिळतं. खरंच यंदा करायचं असेल तर ते लगेच बोटं मोजायला लागतात. नुसतं "हो का, बघायला पाहिजे" म्हटलं, तर यंदाचं त्यांच्या मनात नाही असं समजावं.

३. खरी वेळ म्हणजे मुलाचं घर बघायला जातात तो दिवस.

मुलगी पसंत पडली की मुलीकडची चार माणसं उलट मुलाच्या घरी जातात. या भेटीत पसंती झालेली असते, पण सुपारी फुटलेली नसते. कुणी शब्दात अडकलेलं नसतं, आणि बोलणं आपसूक घराकडे, पाण्याकडे, कामाकडे वळतं. तारखेला आडवं येणारं जे काही असतं, ते त्या दिवशी डोळ्यांसमोर उभं असतं. म्हणून तिथे "लग्न कधी" विचारायचंच नाही. समोर जे अपुरं दिसतंय ते पुरं कधी होणार, एवढं विचारायचं.

२०१८ सालचं एक लग्न सांगते. मुलगी टोकावड्याकडची, जीएनएम नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मुलगा शहापूर तालुक्यातला, आसनगावहून लोकलने कामाला जाणारा. पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेत दोन्हीकडचे मामा भेटले आणि गोष्ट निघाली. माघात बघणं झालं, पसंती झाली. मुलाच्या काकाने अक्षय्य तृतीयेचं नाव काढलं. ती त्या वर्षी १८ एप्रिलला होती. मुलीच्या बापाने मान हलवली. परतताना मात्र तो गाडीत गप्प. मी विचारलं, "दादा, काय झालं?" तर म्हणाला, "पोरीची परीक्षा राहिलीय. पण आता नाही म्हटलं तर स्थळ जाईल."

पुढच्या पंधरवड्यात आम्ही सरळगाव-किन्हवली रस्त्याने त्यांचं घर बघायला गेलो. पुरुष पडवीत बसले. मी मुलाच्या आईबरोबर मागच्या दाराने बाहेर आले. जुन्या घराला लागून नव्या दोन खोल्या बांधायला काढल्या होत्या. भिंती उभ्या, वर स्लॅब नाही, विटांवर शेवाळ चढून वाळलेलं. म्हणजे काम निदान एका पावसाळ्यापासून बंद होतं. मी म्हटलं, "वहिनी, स्लॅब कधी टाकताय? सेंट्रिंगचं सामान ठरवलंत का?"

हा प्रश्न मी मुद्दाम करते. स्लॅब टाकल्यावर खालचे टेकू काढायला दोन-तीन आठवडे जातात, मग प्लास्टर, लादी, वायरिंग. अक्षय्य तृतीयेला सून आणायची असेल तर फाल्गुन लागायच्या आधी सेंट्रिंगवाला ठरलेला हवा. तो ठरलेला नव्हता. बाईने इकडेतिकडे बघितलं आणि सांगितलं. त्यांची थोडी जमीन समृद्धी महामार्गात जाणार होती. त्या वर्षी आमच्या तालुक्यात जमिनींची खरेदी चालू होती. सातबाऱ्यावर सासऱ्यांच्या मागे मुलं आणि मुली, सगळ्यांची नावं. खरेदीखतावर सगळ्यांच्या सह्या लागणार आणि एक नणंद सही द्यायला तयार नव्हती. मोबदला हातात आल्याशिवाय स्लॅब नाही, आणि एका खोलीत दीर, सासू, सगळे असताना नवी सून आणायला त्यांचं मन घेत नव्हतं. "पण आम्ही थांबा म्हटलं तर मुलीकडचे दुसरं बघतील," असं त्या म्हणाल्या.

दोन्ही घरांना थांबायचं होतं, आणि दोघंही एकमेकांच्या भीतीने एप्रिलला हो म्हणून बसले होते.

मी तिथल्या तिथे मुलीच्या बापाला हाक मारली नाही. माणसांसमोर मुलाच्या आईची अडचण उघडी पडली असती. बाहेर येऊन चपला घालताना फक्त म्हटलं, "मुलीची परीक्षा उन्हाळ्यानंतर आहे, मग कौन्सिलच्या नोंदणीचं काम. त्यात अधिक ज्येष्ठ. तुळशीच्या लग्नानंतर धरलं तर तुम्हाला अवघड जाईल का?" मुलाचे वडील चटकन म्हणाले, "नाही नाही, तसंच बरं." इतकं चटकन, की मुलीचा बाप माझ्याकडे बघायला लागला. सह्या गणपतीच्या सुमारास झाल्या, दसऱ्यानंतर स्लॅब पडला आणि मार्गशीर्षात लग्न लागलं. लादी बसवायची राहिली होती. त्याचं कुणी काही मनावर घेतलं नाही.

घर पुरं असेल तर आडवं येणारं दुसरं काही असतं. धाकटी बहीण लग्नाची आहे का? मग आधी तिचं. मुलगा पोलिस भरतीची तयारी करतोय का? मग धावण्याबद्दल विचारा, मैदानीची तारीख तो स्वतःच सांगेल. वर्षाच्या आत घरातलं मोठं माणूस गेलं असेल, तर वर्षाच्या आत लग्न उरका नाहीतर तीन वर्षं थांबा, असं म्हणणारी घरं अजून आहेत. भिंतीवरच्या फोटोला हार नवा दिसला तर तेवढं हळूच विचारून घ्यावं.

४. मुलामुलीचं मत वेगळं काढा, आणि तेही मोठ्यांच्या आधी.

आता घर बघण्याआधीच फोन नंबर एकमेकांकडे गेलेले असतात. हे चांगलंच आहे. मी मुलींना सांगते, पहिल्या फोनवर "कधी करायचं" विचारू नकोस. तो ड्यूटीबद्दल, कल्याण-बदलापूरला रूम घेण्याबद्दल बोलायला लागला की विचार, "रूम लग्नाआधी घेणार की नंतर?" रूमचं डिपॉझिट जमलंय की नाही, हे त्याच उत्तरात कळतं. मुलानेही तसंच करावं. "लग्नानंतर नोकरी करणार का" हा परीक्षेत विचारल्यासारखा प्रश्न झाला. "निकाल कधी, आणि अर्ज कुठे कुठे करणार" असं विचारलं तर ती मोकळेपणी बोलते.

एका बाबतीत मात्र मी वेळ-वळण बघत नाही. मुलगी लहान वाटली की पहिल्याच दिवशी शाळेचा दाखला मागते. मुलीला १८ आणि मुलाला २१ पुरी हवीत. "साखरपुडा करून ठेवू, लग्न पुढे" असं जिथे ऐकू येतं, तिथे हा दाखला आधी बघावा. बालविवाह लावणाऱ्याला, त्यात मदत करणाऱ्याला २००६ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मध्यस्थही त्यातून सुटत नाही.

५. बैठकीपर्यंत ठेवू नका.

बैठकीला दोन्ही गावची माणसं जमतात. मानपान, कपडे, जेवणाचा खर्च, हॉल की दारातला मांडव, सगळं तिथे निघतं. तारखेचा प्रश्न तिथे पहिल्यांदा आला की तोही देण्याघेण्यातला एक मुद्दा होतो. "लवकर पाहिजे तर खर्च तुम्ही करा" हे वाक्य मी बैठकीतच ऐकलंय. माणसांसमोर एकदा बोललेला महिना मागे घेता येत नाही. बैठकीत ठरवायचा तो मुहूर्त. हंगाम त्याआधी ठरलेला असावा.

६. उत्तर मिळत नसेल तर तेही उत्तर समजा.

नीट वेळ साधून, आडून विचारूनही कधी कधी काहीच हाती लागत नाही. अडचण खरी असेल तर तिला नाव असतं: सही, परीक्षा, बहीण, स्लॅब. कारण प्रत्येक भेटीत बदलत गेलं, आधी घर, मग नोकरी, मग आजीची तब्येत, तर तिथे बहुधा दुसरं स्थळ बघणं चालू असतं किंवा मुलाच्या मनात वेगळीच कुणी असते. अशा घरी मी पुन्हा पाहुणे नेत नाही.

आणि मुलाकडच्यांना एक विनंती. यंदा करायचं नसेल, किंवा स्थळच नको असेल, तर होळीच्या आत तसा निरोप द्या. तुमच्या "बघू"वर मुलीचा बाप वैशाख घालवतो, आणि मग त्याला तुळशीच्या लग्नापर्यंत दुसरं स्थळ दाखवता येत नाही.