कपातीचं पत्र लिहिण्याआधी

कंपनीची पुनर्रचना जाहीर करणाऱ्या पत्रातला प्रामाणिकपणा बहुतेक व्यवस्थापक सुरात शोधतात. शब्द मृदू हवेत, सुरुवातीला ‘जड अंतःकरणाने’ हवं, शेवटी आभार हवेत. अशी पत्रं वाचून आणि त्यांचे पुढचे परिणाम पाहून माझं मत वेगळं झालं आहे. पत्र हातात पडल्यापासून ‘मग माझं काय?’ या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत माणसाला किती काळ थांबावं लागतं, यावर त्या पत्राचा प्रामाणिकपणा ठरतो. सूर कितीही हळवा असो, हा काळ महिन्यांचा असेल तर पत्र कच्चं आहे, आणि ते कच्चं असताना बाहेर काढणाऱ्यांना ते कळलेलं असतं.

मायक्रोसॉफ्टने नोकियाचा मोबाइल फोनचा व्यवसाय एप्रिल २०१४ मध्ये ताब्यात घेतला आणि त्याच वर्षी १७ जुलैला मोठी कपात जाहीर केली. फोन विभागाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांचं कर्मचाऱ्यांना गेलेलं पत्र तेव्हा बरंच गाजलं, आणि ते वाईट कारणाने. सुरुवात एका मोकळ्याढाकळ्या अभिवादनाने, मग विंडोज फोनचं धोरण, स्वस्त फोन, महाग फोन, उत्पादनांची सांगड. असे बरेच परिच्छेद ओलांडल्यावर कुठे १२,५०० नोकऱ्या जाणार असल्याचं वाक्य येतं. टीकेचा मुख्य रोख या मांडणीवर होता. मला त्याहून गंभीर वाटते ती त्याच दिवशी सत्या नडेला यांनी पाठवलेल्या पत्रातली एक ओळ. एकूण १८,००० पर्यंत पदं कमी होणार आहेत आणि पहिल्या टप्प्यातल्या बहुतेकांना पुढच्या सहा महिन्यांत कळवलं जाईल, असं त्यात सांगितलं होतं. आकडा खरा, मुदतही खरी. पण ज्याला आकडा कळला आहे आणि त्यात आपण आहोत की नाही हे कळलेलं नाही, त्याने हे सहा महिने कसे काढायचे? तो गृहकर्जाचा निर्णय लांबवतो, बाहेर मुलाखती देऊ लागतो, आणि ज्याला बाहेर सहज नोकरी मिळते तो आधी निघून जातो. म्हणजे कंपनीला जे लोक हवे असतात तेच बऱ्याचदा हातचे जातात.

याच्या उलट उदाहरण एअरबीएनबीचं. कोविडमुळे प्रवास थांबला आणि ५ मे २०२० ला ब्रायन चेस्की यांनी साडेसात हजारांपैकी सुमारे १,९०० जणांची कपात जाहीर केली. त्या पत्रातल्या प्रेमाच्या भाषेचं फार कौतुक झालं. मला तो भाग जरा गोडच वाटतो. खरं काम केलं आहे ते तपशिलांनी. त्या वर्षीचं उत्पन्न २०१९ च्या निम्म्याहूनही कमी राहील असा अंदाज, दोन अब्ज डॉलरचं भांडवल उभारूनही ते न पुरण्याची कबुली, मग कोणते उद्योग थांबवणार त्यांची नावं: वाहतूक आणि स्टुडिओ थांबणार, हॉटेलं आणि लक्स यांतली गुंतवणूक आटणार. अमेरिका आणि कॅनडातल्या माणसाला, तो यादीत असेल तर, पुढच्या काही तासांत प्रत्यक्ष बोलण्याचं निमंत्रण येणार होतं, आणि तिथला शेवटचा दिवस होता ११ मे. अमेरिकेत १४ आठवड्यांचा मूळ पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे आणखी एक आठवडा. आरोग्यविमा बारा महिने. चार वर्षं झालेल्या माणसाला पत्र मिटण्याआधीच हिशेब करता येतो: अठरा आठवडे, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत घर चालेल.

यातलं कारणांचं कलम नीट पाहण्यासारखं आहे, कारण आपल्याकडची पत्रं नेमकी तिथेच पळवाट काढतात. ‘बाजारातील बदलत्या परिस्थितीमुळे’ हे कारण झालं. अमुक विभाग बंद आणि तमुक चालू हा निर्णय झाला. परिस्थिती कुणाच्या हातात नसते, निर्णय कुणीतरी घेतलेला असतो. पत्रात फक्त परिस्थिती सांगितली की वाचणाऱ्याच्या मनात ‘मग मीच का?’ हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर त्याला चहाच्या टपरीवर मिळतं: साहेबांच्या मर्जीतले राहिले. म्हणून निवडीचा निकष लिहून द्यावा लागतो. एखादी उत्पादनाची लाइन बंद होणार असेल तर तिचं नाव, तिच्यावरची पदं, आणि त्यांपैकी किती जणांना दुसरीकडे सामावून घेणार तो आकडा. कंत्राटी कामगार त्या आकड्यात धरले आहेत की नाहीत, हेही. चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात ‘एकाही कर्मचाऱ्याची नोकरी जाणार नाही’ हे वाक्य कागदावर खरं असूनही ठेकेदाराची माणसं दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर असू शकतात.

एवढं सगळं लिहायचं तर यादी पक्की झाल्यावरच पत्र काढावं लागतं. यावर पहिला आक्षेप असा की तोपर्यंत गप्प बसणं हीच लपवाछपवी नाही का? माझ्या मते नाही. निर्णय व्हायचा असताना गप्प राहता येतं. खोटं बोलता येत नाही. चेस्की यांनी कपातीबद्दल विचारणाऱ्यांना आधीपासून ‘कुठलाही पर्याय वर्ज्य नाही’ असं उत्तर दिलं होतं, आणि तेवढं पुरेसं असतं. ‘कपातीचा विचारही नाही’ असं सांगून महिन्याभरात यादी काढणाऱ्याच्या पुढच्या कुठल्याच शब्दावर, राहिलेल्यांचाही, विश्वास बसत नाही. दुसरा आक्षेप वकिलांचा: जितकं कमी लिहाल तितकं कोर्टात बरं. त्यात तथ्य आहे, पण ते व्यक्तीच्या कामगिरीवर शेरे मारण्यापुरतं. तारखा, रकमा आणि पदं लिहिण्याने कंपनी अडचणीत येत नाही. त्या लिहिल्यात आणि मग पाळल्या नाहीत तर येते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला मात्र एक बंधन खरोखर आहे. भावावर परिणाम करणारी माहिती आधी बाजाराला कळवावी लागते. अशा वेळी दोन्ही निवेदनं एकाच तासात निघतील अशी तयारी ठेवावी, नाहीतर कामगार ती बातमी मोबाइलवर वाचतो.

काही बाबी त्या दिवशी ठरलेल्या नसतातच. परदेशातल्या शाखेचं काय, जागा सोडायची की नाही, हे लोंबकळत असतं. तिथे ‘लवकरच’ न लिहिता, हे कोण ठरवणार आणि कोणत्या तारखेला सांगणार ते लिहावं. त्या तारखेला निर्णय झाला नसेल तर ‘झाला नाही’ हे सांगायला तरी उभं राहावं.

आपल्याकडची सगळ्यात मोठी अप्रामाणिकता मात्र पत्र निघाल्यानंतर घडते, बंद खोलीत. पत्रात पुनर्रचना असते आणि खोलीत पुढे केलेल्या कागदावर ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’. ‘रेकॉर्ड चांगलं राहील, सगळी देणी मिळतील’ असं समजावलं जातं. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर राजीनामा दिला तरी मिळते, त्यामुळे हे वाक्य खरंही वाटतं. वगळलेलं असतं ते वेगळंच. कायद्याने ‘कामगार’ ठरणाऱ्या, वर्षभर सलग सेवा झालेल्या माणसाला कपातीत किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. नऊ वर्षांच्या नोकरीला ती १३५ दिवसांची होते. राजीनाम्यावर सही झाली की ती मागण्याचा आधारच जातो. तेव्हा असा कागद पुढे आला तर त्या खोलीत सही करू नका. प्रत मागा, घरी घेऊन जा, आणि आपण ‘कामगार’ या व्याख्येत बसतो का, हे कामगार आयुक्त कार्यालयात किंवा वकिलाकडे विचारून मगच काय ते ठरवा.