खरेदी-खात्यात परक्याचा शिरकाव : जतन केलेली कार्डे आणि बनावट मागण्या

देवास जिल्ह्यातील टोंकखुर्दसारख्या तहसीलीच्या गावीही आता पुस्तके, कपडे व घरगुती वस्तू मोबाईलवरून मागविल्या जातात. दर वेळी कार्डाचा क्रमांक भरावा लागू नये म्हणून तो खरेदी-खात्यात जतन केलेला असतो. अशा खात्यात परक्याचा शिरकाव झाल्यास काय करावे, व कोणत्या क्रमाने करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम जतन केलेले कार्ड म्हणजे काय ते समजून घेऊ. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातील विक्रेत्यांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक स्वतःजवळ ठेवता येत नाही. त्याऐवजी ‘टोकन’ नावाचा पर्यायी क्रमांक ठेवला जातो व ग्राहकास कार्डाचे शेवटचे चार अंक दिसतात. खात्यातून कार्ड काढून टाकले म्हणजे हे टोकन रद्द होते. त्यामुळे त्या कार्डावर पुढची मागणी सहज नोंदविता येत नाही. परंतु कार्ड बंद होत नाही आणि झालेला व्यवहारही उलटत नाही. येथेच अनेकांची गफलत होते. कार्ड काढले की काम संपले असे समजून ते स्वस्थ बसतात व तक्रारीची मुदत निघून जाते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. टोंकखुर्द येथील एका शिक्षकांनी दोन ठिकाणी एकच पासवर्ड ठेवला होता. शुक्रवारी रात्री नऊ वाजता त्यांच्या क्रेडिट कार्डावर ८,४०० व ३,६०० रुपयांचे दोन व्यवहार झाल्याचे संदेश आले. पहिल्या व्यवहारापूर्वी कुरिअरवाला म्हणविणाऱ्या इसमास त्यांनी दूरध्वनीवर ओटीपी सांगितला होता. दुसऱ्या व्यवहारासाठी ओटीपी आलाच नव्हता.

त्यांनी प्रथम कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेस कळवून कार्ड बंद करविले व तक्रार क्रमांक लिहून घेतला. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. तेथे ठकांचेही क्रमांक आढळतात. नंतर खरेदी-खात्याचा व ई-मेलचा पासवर्ड बदलून, सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढले. हे न करता केवळ कार्ड काढल्यास आत बसलेला इसम तसाच राहतो. पुढे मोबाईल क्रमांक व घरपोच पत्ता कोणी बदलला आहे काय ते पाहिले. चोर कित्येकदा मागणी यादीतून दडवून ठेवतो, म्हणून दडविलेल्या मागण्याही तपासल्या. मागणी क्रमांक, रक्कम, वेळ व परका पत्ता यांची पडद्यावरील छायाचित्रे घेतल्यावरच त्यांनी जतन केलेली सर्व कार्डे काढून टाकली.

८,४०० रुपयांची वस्तू अद्याप रवाना झाली नव्हती. ती मागणी त्यांनी रद्द केली व परतावा खरेदी-खात्यातील शिलकीत न घेता मूळ कार्डावरच मागितला. ही तातडी आवश्यक होती. कारण ओटीपी ग्राहकाने स्वतः दिला असल्यास, बँकेस कळविण्यापूर्वीचे नुकसान रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकावरच पडते. कळविल्यानंतरचे नुकसान बँकेवर पडते.

३,६०० रुपयांची वस्तू मात्र रवाना झाली होती. तिच्यासाठी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागली. त्याच नियमांत असे ठरविले आहे की, दोष बँकेचा नाही व ग्राहकाचाही नाही अशा व्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर काहीही भार पडत नाही. संदेश मिळाल्याचा दिवस यात धरीत नाहीत. शनिवार हा महिन्याचा दुसरा असल्याने तो व रविवार सुटीचे. म्हणून सोमवार, मंगळवार व बुधवार हे तीन दिवस मिळाले. तथापि त्यांनी वाट पाहिली नाही. सूचना मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करावयाची व नव्वद दिवसांत निर्णय द्यावयाचा, तसेच ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर, असेही त्यात नमूद आहे.

तक्रारीतील शब्द महत्त्वाचे आहेत. ‘वस्तू मिळाली नाही’ असे लिहिल्यास विक्रेता वस्तू पोहोचविल्याचा पुरावा दाखवितो व तक्रार फेटाळली जाते. ‘हा व्यवहार मी केलेला नाही व त्यास माझी संमती नव्हती’ असे लिहून, वस्तू परक्या पत्त्यावर गेल्याचे छायाचित्र जोडावे. ओटीपी दिला असल्यास तेही लपवू नये. बँकेच्या नोंदीत ते दिसण्याचा संभव असतो आणि मग खऱ्या तक्रारीवरही संशय येतो.

याच रात्री १९३० या क्रमांकावर अथवा cybercrime.gov.in येथेही नोंद करावी. बँकेने तीस दिवसांत उत्तर न दिल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे जाता येते. तेथे बँकेचा तक्रार क्रमांक व तारीख विचारली जाते. म्हणून पहिल्या रात्रीचा तो कागद जपून ठेवावा. नवे कार्ड हाती आल्यावर जुन्या विक्रेत्यांशी ते जोडावे काय, असे बँकेने विचारल्यास, ज्या खात्यात शिरकाव झाला होता त्यास प्रकरण मिटेपर्यंत संमती देऊ नये.